प्रिंट काढून टाका, मग बोलू

पॅटर्नमेकिंग शिकवणाऱ्या बाईला पदवीदानाच्या भाषणाला बोलावलं, म्हणजे ठरलेले पाहुणे ऐन वेळी आले नसावेत, असा माझा पहिला अंदाज. विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा होता: डिझाइनची स्वतःची दृष्टी कशी तयार होते. समोर फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची पोरं भाड्याचे काळे गाऊन घालून बसली होती. त्या गाऊनांचे मुंढे इतके वाईट बसले होते की माझं निम्मं लक्ष तिकडेच. चार वर्षं कपडा शिकलेली मुलं, आणि पदवी घ्यायला हा कपडा! असो. तिथे जे बोलले ते इथे लिहिते आहे. वेळ संपली म्हणून गाळलेलंही घातलं आहे.

मुलांनो, फायनल ज्युरीत तुम्हाला पहिला प्रश्न काय विचारतात? ‘थीम काय?’ मग तुम्ही सांगता: वारी, कोळीवाडा, गिरणगाव, पाऊस, आजीची ट्रंक. मूडबोर्ड दाखवता. मी ज्युरीत बसते तेव्हा एक खोड करते. समोरच्या कपड्यावरचं प्रिंट, भरतकाम आणि रंग मनातल्या मनात काढून टाकते आणि तो कपडा मांजरपाटात शिवला आहे असं समजून पुन्हा बघते. बहुतेक वेळा पहिल्या वर्षी मीच शिकवलेला बेसिक ब्लॉक, म्हणजे कपड्याचा साधा मूळ साचा, मागे उरतो. पैठणीचा मोर आणि नथ वरून चिकटवलेली असते. उद्या तोच ब्लॉक घेऊन त्यावर मधुबनीचा मासा छापला तर शिवणीला काहीच फरक पडणार नाही. थीम तुमची असेल, पण कपड्याबद्दल तुमचं काही म्हणणं आहे का, हे अजून कळलेलं नसतं.

म्हणणं कशाला म्हणतात ते सांगायला मी तुम्हाला शंभर वर्षं मागे पॅरिसला नेते.

मादलेन व्हिओने ही फ्रेंच फॅशन डिझायनर 1876 साली जन्मली. अकराएक वर्षांची असताना शिवणकामाला लागली. लंडनमध्ये काम केलं, मग पॅरिसला कालो भगिनींच्या नामांकित फॅशन हाऊसमध्ये प्रमुख कारागीर झाली, तिथून दुसे नावाच्या दुसऱ्या फॅशन हाऊसकडे गेली. दुसेकडे तिने मॉडेल मुलींचे कॉर्सेट काढले आणि त्यांना अनवाणी उभं केलं. दुकानातल्या विक्रेत्या बायकांना ते पटलं नाही. कॉर्सेट असतो तेव्हा कापडाला अंगाचा आकार घ्यावाच लागत नाही, तो आकार आतला सांगाडा देतो. कापडाने फक्त त्यावर बसायचं. सांगाडा काढला की प्रश्न उरतो: आता कापड अंगावर कशाच्या आधाराने राहणार? व्हिओनेने पुढची तीसेक वर्षं याच एका प्रश्नावर घालवली.

तिचं उत्तर तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. ‘बायस कट, मॅडम.’ हो, पण उरेप, म्हणजे धाग्यांना तिरपं कापलेलं कापड, तिने शोधून काढलेलं नाही. गळ्याला, मुंढ्याला उरेप पट्टी लावणं शिंप्यांना कधीपासून ठाऊक होतं. पट्टीसाठी वापरतात ते तिने अख्ख्या कपड्याला वापरलं, आणि ते का चालतं हे हाताने समजून घेतलं.

विणलेल्या कापडात ताण्याचे धागे उभे आणि बाण्याचे आडवे. उभं ओढा, ताण्याचा धागा तुमच्याशी भांडतो. आडवं ओढा, बाण्याचा भांडतो. बरोबर 45 अंशात ओढलं तर त्या दिशेने एकही धागा धावत नाही. मग कापडातले छोटे छोटे चौकोन तिरपे होत जातात, लांबी वाढते आणि रुंदी तेवढी आत येते. म्हणून उरेप कपडा कमरेला टक न घेता आत जातो आणि नितंबावर आपसूक पसरतो. कॉर्सेटचं काम आता कापडच करायला लागलं.

व्हिओने कागदावर चित्र काढत नव्हती. तिच्याकडे साधारण 80 सेंटीमीटर उंचीची लाकडी बाहुली होती. तिच्यावर ती कापड टाकायची, फिरवायची, टाचणी लावायची. जमलं की ते मोठ्या मापात काढलं जायचं. तुम्ही हाफ-स्केल डमीवर हे केलं आहे. त्यातली अडचण कितीजणांच्या लक्षात आली? डमी निम्मी होते, कापडाची जाडी निम्मी होत नाही. म्हणून मोठ्या पोशाखाचंच क्रेप कापड बाहुलीवर टाकलं तर ते ताठ वाटतं, घड्या जाड पडतात, आणि आपल्याला वाटतं डिझाइनच चुकलं. बाहुलीवर मलमल घ्या, मोठ्या मापात जरा जड कापड घ्या, मग दोन्हीकडची चाल जुळायला लागते.

पहिल्या महायुद्धानंतर लगेचच्या तिच्या एका पोशाखाबद्दल मी वर्गात दरवर्षी बोलते. रेशमी क्रेपचे चार चौरस, प्रत्येक चौरस कोपऱ्यावर उभा केलेला, दोन पुढे आणि दोन मागे. खांद्याला कोपऱ्यांनी धरले आहेत, कडांनी एकमेकांना जोडले आहेत, आणि खालचे कोपरे घेराशी टोकं होऊन लोंबतात. मुंढ्याचा गोल नाही, कमरेचा टक नाही, कापून फेकलेलं जवळजवळ काही नाही. चौरस उभा लटकवला असता तर पिशवी झाली असती. कोपऱ्यावर उभा केल्याबरोबर अंगाच्या लांबीत उरेप आला आणि पिशवीचा पोशाख झाला.

आता तुमच्या टेबलावर येऊ. आपल्या बाजारातल्या साध्या कापडाचा पन्हा 44 इंच. त्यातून उरेप पट्टा किती मोठा निघेल? पट्ट्याची लांबी अधिक रुंदी साधारण 62 इंचांच्या आत बसली पाहिजे, म्हणजे 44 इंची चौरसाच्या कर्णाएवढी. 24 इंच रुंद पट्टा हवा असेल तर लांबी 38 इंचांवर संपली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतही ते पुरत नाही. व्हिओनेने बियाँकिनी-फेरिए या रेशीम कंपनीकडून नेहमीपेक्षा पुष्कळ रुंद पन्ह्याचं क्रेप खास विणवून घेतलं. तुम्हाला ते कोणी विणून देणार नाही. तुम्हाला जोड द्यावाच लागणार. मग तो जोड कमरेला द्यायचा की पोटावरून तिरका न्यायचा, लपवायचा की तोच मिरवायचा, हे ठरवताना तुमच्या डिझाइनला सुरुवात झाली. पन्हा अपुरा पडतो तिथे मुलं कपाळाला हात लावतात. मला तिथे त्यांचं डोकं कसं चालतं ते पहिल्यांदा दिसतं.

उरेप कापड शिवतानाचे दोन त्रास सांगते, कारण दृष्टी म्हणून मिरवलं आणि पहिल्या धुण्यात कपडा वाकडा झाला, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. पहिला त्रास घेराचा. उरेप कपडा शिवल्या शिवल्या घेर कापायचा नाही. डमीवर किंवा हँगरवर निदान एक दिवस, जड कापड असेल तर दोन दिवस टांगून ठेवायचा. तो उतरतो, आणि सगळीकडे सारखा उतरत नाही, कारण ताण्याचा आणि बाण्याचा धागा एकाच स्वभावाचा नसतो. उतरून झाल्यावर जमिनीपासून मोजून घेर समान करायचा. दुसरा त्रास पिळाचा. पुढचे डावे-उजवे भाग एकाच दिशेने कापले तर चालताना कपडा पायाभोवती फिरत जातो. मध्ये शिवण घेऊन दोन्ही भाग आरशातल्यासारखे उलट दिशांनी कापले की दोन पीळ एकमेकांना मारतात. ज्युरीत रॅम्पवर मुलगी सहा पावलं चालली आणि मधली शिवण नाकाच्या रेषेतून गुडघ्याकडे सरकली, की मी वहीत नुसती एक तिरपी रेघ मारते.

आता भरतकामाचं सांगते, कारण मोर आणि नथ मला अजून विसरता आलेली नाही.

व्हिओनेकडे भरतकाम भरपूर होतं. ती काही साधेपणाची पुजारीण नव्हती. पण नेहमीचं दाट भरतकाम उरेप कापडावर केलं तर टाके कापडाला जखडतात. चौकोन तिरपे होऊ शकत नाहीत आणि सगळा डौल गेला. म्हणून तिच्यासाठी काम करणाऱ्या लेसाजच्या भरतकामाच्या कारखान्याने टाका धाग्याच्या दिशेने घालण्याची पद्धत काढली. टाके उभ्या-आडव्या धाग्याला धरून, म्हणून मधला तिरपा ताण मोकळा. तिथे भरतकामालाही कापडाचा नियम पाळावा लागला. मूळ प्रश्न एकच: अंगावर कापड कसं राहील? मग चौरस, बाहुली, रुंद पन्हा, टाका, सगळं त्या प्रश्नाच्या मागे रांगेत आलं. मी दृष्टी म्हणते ती ही. सजावटसुद्धा ज्याला विचारल्याशिवाय कपड्यावर चढत नाही, असं काहीतरी तुमच्याकडे हवं.

ते कुठून आणायचं? इथे माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही.

ती इचलकरंजीकडची, घरी यंत्रमाग. शेवटच्या वर्षाला ‘वारी’ घेऊन आली. जॅकेटवर टिळा, वीणा, पताका, सगळं स्क्रीनप्रिंटने. मी माझी खोड केली, प्रिंट काढून टाकलं, आणि उरलं एक बरं शिवलेलं जॅकेट. ती रडकुंडीला आली. मी विचारलं, घरी कोण काय घालतं ते सांग. सहज विचारलं होतं. ती म्हणाली, आजी नऊवारीचा काष्टा घालून दिवसभर शेतात उकिडवी बसून तण काढते, भांगलण करते, आई पाचवारीवर वडिलांचा जुना शर्ट चढवून शेतात जाते, आणि काकूने हौसेने पँट घेतली तिचं आसन पहिल्याच आठवड्यात फाटलं. तिघी एकाच बांधावर. मी म्हटलं, वारी राहू दे, काकूची पँट घेऊन ये.

फाटलेली पँट टेबलावर उलटी केली. शिवण उसवली नव्हती, शिवणीशेजारचं कापड मागच्या बाजूला फाटलं होतं. माणूस उकिडवं बसतं तेव्हा मागची लांबी, कमरेपासून खाली आसनापर्यंतची, चांगलीच वाढते. सुती कापड वाढत नाही. मग एक तर कंबरपट्टी मागून खाली ओढली जाते, नाहीतर आसन फाटतं. आजीच्या काष्ट्यात हा प्रश्नच येत नाही. तिथे शिवणच नाही, कापड पुढून मागे नुसतं जातं, आणि बसताना लागेल तेवढं निऱ्यांतून मोकळं होतं.

मुलीने आजीची नऊवारी शिवून ‘रेडी-टू-वेअर काष्टा’ केला असता तर बाजारात तो आधीच मिळतो. तिने ते केलं नाही. ती गावातल्या पायजमे शिवणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्याकडे गेली. त्याने तिला मियानी दाखवली. पायजम्याच्या आसनात दोन पायांच्या मध्ये बसवतात तो चौकोनी तुकडा. परत आली ती तणतणत: ‘मॅडम, हा तर व्हिओनेचा चौरस आहे!’

खरंच होता. मियानीचा चौकोन सरळ धाग्यावर कापायचा आणि कोपऱ्यावर उभा करून आसनात बसवायचा. त्याचा एक कर्ण पुढून मागे जातो, दुसरा एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे. दोन्ही कर्ण उरेप. म्हणजे जिथे अंगाला वाढीव कापड लागतं, बरोबर तिथे, दोन्ही दिशांनी सैल पडणारा तुकडा. त्या शिंप्याने मादलेन व्हिओनेचं नाव ऐकलं असण्याचा संबंध नव्हता. त्याचा प्रश्न वेगळा होता, भूमिती तीच.

मग तिने मियानीचं माप शोधलं. बाजू 4 इंच घेतली तेव्हा उभं राहून छान दिसत होतं, उकिडवं बसलं की मागची पट्टी खाली यायची. 7 इंच घेतली तर बसायला आराम, पण चालताना मांड्यांमध्ये कापडाची झोळी. साडेपाचला जमलं, कर्ण पावणेआठच्या आसपास. हे तिच्या काकूच्या अंगाचं माप आहे, पाठ करून ठेवू नका. शोधायची रीत तेवढी उचला: एका वेळी एकच माप बदला, आणि प्रत्येक वेळी घालणाऱ्या बाईला बसवा, उठवा, चालवा. डमी उकिडवी बसत नाही.

मियानीचे कोपरे फाटायला लागले. हे होणारच होतं, चार शिवणी एका बिंदूत येतात. तिथे शिवण टोकाच्या अलीकडे संपली तर भोक राहतं, पलीकडे गेली तर चुणी पडते. टोकावर सुई खाली ठेवून कापड फिरवायचं, दाबाखालच्या कापडाला टोकाच्या एक धागा अलीकडेपर्यंत कात्री द्यायची, आणि मागून त्याच रंगाचा पातळ मलमलीचा छोटा तुकडा आधाराला टाकायचा. तिने हे इतक्या वेळा उसवलं आणि शिवलं की वर्गातली मुलं तिला ‘मियानी’ म्हणून चिडवायला लागली.

पँट झाल्यावर ती थांबेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, बसमध्ये वरचा दांडा धरला की कुर्ता कमरेपर्यंत वर येतो, तो याच कारणाने ना? मुंढा खोल कापला की हात मोकळा होतो असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात मुंढा जितका खोल, तितका हात वर केल्यावर अख्खा कुर्ता सोबत वर जातो. जुन्या कुर्त्यांत म्हणून मुंढा उंच आणि बगलेत चौकोनी तुकडा असे. तिने बगलेत चौकोन घातला. मग आईसाठी शेतात घालायचा शर्ट केला, बगलेत चौकोन आणि पाठीवर खाली वाकायला सैल. शेवटी सहा कपडे, घरच्या मागावरच्या साध्या कापडात, एकही प्रिंट नाही. सगळे उलटे करून टेबलावर मांडले तर प्रत्येकात कुठेतरी कोपऱ्यावर उभा असलेला एक चौकोन, कुठे तळहाताएवढा, कुठे काडेपेटीएवढा.

ज्युरीतल्या एका सरांनी विचारलंच, ‘थीम काय आहे?’ ती म्हणाली, ‘भांगलण.’ हशा पिकला. पण मग तिने काकूलाच पुढे बोलावलं आणि काकू ती पँट घालून तिथल्या तिथे उकिडवी बसली.

आता मर्यादाही सांगते, नाहीतर उद्या तुम्ही सगळे चौकोन कापायला बसाल. तो चौकोन तिचा आहे, तुमचा नाही. तिलाही तो कायम पुरणार नाही. ताणणाऱ्या होजिअरी कापडात मियानीची गरजच उरत नाही, तिथे तो चौकोन नुसती सही होऊन बसेल. व्हिओनेचा उरेपही सगळीकडे चालत नाही. तो कापड खातो, जड सुतात लोंबतो, आणि ज्या बाईला अंगाला चिकटणारा कपडा नको तिला तो सक्ती वाटतो. काय करून बघितलं आणि कुठे सोडून दिलं याची नोंद ठेवा. व्हिओने नकलांच्या भीतीने प्रत्येक पोशाखाचे पुढून, बाजूने आणि मागून फोटो काढून अल्बममध्ये ठेवायची, लेबलवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा द्यायची. ते अल्बम आज पॅरिसच्या सजावटकलेच्या संग्रहालयात आहेत. ज्युरी झाली की तुम्ही टॉइल, म्हणजे साध्या कापडात शिवलेले चाचणीचे कपडे, फेकून देता. फेकू नका. टाचण्यांसकट फोटो काढा, मागे तारीख आणि काय फसलं ते लिहा. पंचवीस टॉइलचे फोटो एका भिंतीवर लावले की तुम्ही पुन्हा पुन्हा कुठे हात घालता ते दिसतं. कोणी गळ्यापाशी अडतो, कोणी घेरापाशी. मूडबोर्डपेक्षा मला ती भिंत बघायला आवडेल.

इथे माझं भाषण संपलं. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. म्हणाला, ‘मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण मला कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आहे. वर्षभर एकाच नायटीची लहानमोठी मापं, साइझ सेट, काढायचेत. तिथे कसली दृष्टी?’

मुलं हसली, मी नाही हसले. व्हिओनेने स्वतःचं दुकान काढलं ते 1912 साली, म्हणजे वयाच्या छत्तिशीच्या सुमारास. त्याआधीची पंचवीसेक वर्षं ती दुसऱ्यांचेच कपडे शिवत होती. दुसेकडे कॉर्सेट काढले तेव्हाही ती नोकरीतच होती.

मी त्याला विचारलं, नायटी मोठ्या साइझला कुठे बिघडते? त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ग्रेडिंग करताना, म्हणजे एका मापावरून लहानमोठी मापं काढताना, छातीच्या प्रमाणात खांदाही वाढवत नेतात. पण माणूस जाड झालं म्हणून त्याची हाडं तेवढी रुंद होत नाहीत. म्हणून मोठ्या साइझचा खांदा दंडावर उतरतो, गळा पसरतो, आणि बाई दिवसभर एक हात गळ्यापाशी धरून वावरते. तुझ्या कारखान्यात नमुना मधल्या साइझच्या मुलीला घालून बघतात. सगळ्यात मोठ्या साइझच्या बाईला तो कोणी घातला आहे का, ते आधी विचार.

तो म्हणाला, ‘इंटर्नशिपला होतो तेव्हा तक्रारी जास्त थ्री-एक्सेलच्याच यायच्या. आम्ही गळ्याला नाडी घालून द्यायचो.’

‘नाडी काढ,’ म्हटलं, ‘आणि खांद्यापासून सुरुवात कर.’